अनुभव धागा: जात्यावरची ओवी बसते कशी, आणि उतरवून घेताना निसटते कुठे

कोपरीकर
ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत घाटावरून, कोकणातून, खानदेशातून आलेल्या आज्या आहेत. ओव्या त्यांच्या ओठांवर आहेत, पण जातं गावी राहिलं. कुणी मंगळागौरीच्या कार्यक्रमासाठी ओव्या बसवतं, कुणी फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवतं. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी लिहावं. ओवी दळणाच्या हालचालीवर बसते म्हणजे नेमकं काय होतं? कागदावर उतरवताना काय बिघडतं? "आमची आजी किती छान गायची" एवढंच असेल तर तो धागा वेगळा काढू.

सूपभर
दळणापासूनच सुरुवात करते, कारण ओवीचे बरेच नियम तिथूनच आले आहेत. समोरासमोर दोघी बसतात, दोघींचा एकेक हात खुंट्यावर. जिच्या बाजूला सूप असेल ती मोकळ्या हाताने वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात मूठभर दाणे, घालते. खुंटा एकीकडे ओढला जातो तेव्हा दुसरी ढकलत असते, म्हणजे जोर आलटूनपालटून लागतो. ओवीचा जोराचा शब्द ओढीवर येतो आणि लांबवायचा स्वर ढकलताना सुटतो. पहिली बाई ओळ म्हणते, दुसरी ती झेलते, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणते. तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला, मूठ उचलायला आणि पुढची ओळ जुळवायला सवड मिळते. आता ही बघा. नमुन्यासाठी आत्ताच जुळवली आहे, कुठल्या संग्रहातली नाही:

दळण दळीते, सुपात जोंधळा
बंधू माझा भोळा, वेशीपाशी

पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चारच अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात आहे, ओळींच्या शेवटी नाही. शेवटचा तुकडा आखूड राहतो, तिथेच श्वास आणि वैरण दोन्ही उरकतात. गाताना "ग बाई", "सये", "माझ्या" असे शब्द मध्ये भरले जातात. त्यांचा भार अर्थावर नसतो, फेरा पुरा करण्यावर असतो.

डोंबिवली फास्ट
माहितीत भर. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका जात्यावर ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांची परंपरा. आणि ओवी आठ अक्षरांची असते, सहाची नाही.

सूपभर
उल्लेख खरा आहे, पण तिथला शब्द 'कण्डन' आहे. म्हणजे कांडण, उखळ-मुसळाचं काम. जातं आपण मागाहून त्यात घालतो. अक्षरांचं म्हणाल तर आठाचा तुकडाही सापडतो, सहाचाही, आणि एकाच बाईच्या तोंडी दोन्ही. मावळ-मुळशीकडच्या ओव्यांत दोन लांब ओळी असतात आणि यमक ओळींच्या शेवटी असतं. वर दिलेला साचा त्यांना लावू नका.

करावे गाव
कांडणाचा विषय निघाला म्हणून. आपल्या खाडीपट्ट्यात मुख्य धान्य भात. भात कांडून सडायचं ते उखळात, आणि भाकरीचा तांदूळ जात्यावर. त्यामुळे आगरी-कोळी घरांत मुसळाच्या ठेक्यावरची गाणीही आहेत. तो ठेका वरून खाली पडणारा, जात्याचा गोल. एकाची चाल दुसऱ्यावर घातली की लगेच अडखळते. आणखी एक. कार्यक्रमांत धवलारणींचे धवले "जात्यावरची गाणी" म्हणून खपवतात. धवला लग्नविधीचा आहे. लग्नात हळद जात्यावर दळतात, आंब्याची पानं बांधून जात्याची पूजा होते, त्यावरून हा घोळ झाला असावा.

पारायणकरी
ओवी शिकायची तर ज्ञानेश्वरीपासून सुरुवात करावी. रोज ठरावीक ओव्या मोठ्याने वाचाव्यात, उच्चार सुधारतात. नेरूळला आमचं मंडळ आहे, इच्छुकांनी कळवावं.

कोपरीकर
माऊली, इथे जात्यावरच्या ओवीबद्दल चाललंय. ग्रंथातली ओवी वाचायची, ही हात फिरवत जुळवायची. यमक आणि आखूड शेवट हे नातं दोघींत आहे हे मात्र कबूल.

वहीवाली
उतरवून घेताना काय निसटतं, त्याचं उत्तर सूपभर यांच्याच ओवीत दाखवते. ती कोकणपट्टीतल्या बाईने घेतली असं धरा. तिच्या सुपात जोंधळा नाही, तांदूळ आहे. ती म्हणेल:

दळण दळीते, सुपात तांदूळ
बंधू आला मूळ, वेशीपाशी

धान्य बदललं तसं यमक बदललं, आणि यमकाने "मूळ" हा शब्द आणला. मूळ येणं म्हणजे माहेरी न्यायला माणूस येणं. पहिल्या ओवीत भाऊ नुसता भोळा होता. दुसरीत तो न्यायला आलाय आणि वेशीपाशीच थांबलाय, घरात अजून कुणी "ये" म्हटलेलं नाही. सासूचं नावही न घेता परवानगीचा सगळा प्रश्न चार अक्षरांत बसला. आता वहीत उतरवणारीने "पाठभेद" समजून जोंधळाच कायम ठेवला, तर ही दुसरी ओवी गेलीच.

दुसरी चूक शुद्धलेखनाची. "दळीते"चं "दळते" करतात. कागदावर अक्षरं तेवढीच राहतात, पण बोलताना मधल्या ळचा स्वर गिळला जातो आणि लांबवायला जागाच उरत नाही. "ळी" दीर्घ आहे म्हणून खुंटा ढकलताना आवाज तिथे टेकतो. तेव्हा बाई म्हणेल तसंच लिहायचं. म्हनते, पानी, व्हता, जसं असेल तसं. अर्थ हवा तर शेजारी वेगळा लिहा.

तिसरी, भरीचे शब्द गाळणं. "ग बाई" काढलं की वाचायला नीट दिसतं, पण परत गायला गेलं की बसत नाही. पहिल्या ओवीला तरी सगळे भरीचे शब्द आणि सगळ्या पुनरावृत्ती लिहा. पुढच्या ओव्यांना तो साचा लागू पडतो.

घणसोली सेक्टर
आमच्याकडे गावाहून जातं आणलंय, ओव्यांसाठीच. पण पीठ रव्यासारखं पडतं, फिरवायला जड, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार. जात्याला छिन्नीने टाकी लावून देणारा कुणी आहे का नवी मुंबईत? विषय सोडून विचारतोय, क्षमस्व.

दगडधोंडे
विषय सुटलेला नाही. जड जात्यावर ओवी चालतच नाही, सगळा दम खुंट्यावर जातो.

आधी बघा, मूठ मोठी पडतेय का. दाणे जास्त गेले की पाळ, म्हणजे वरचा दगड, उचलली जाते आणि भरड येतं. मूठ अर्धी करून बघा. फार कमी वैरण पडली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात खर येते, दाताखाली कळते. धान्य दमट असेल तर ओलसर पीठ दगडाला चिकटतं आणि जातं ओढल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात आपल्या हवेत हे हमखास. दळण आधी उन्हात टाका, नाहीतर कढईत कोमट करून पूर्ण गार होऊ द्या.

तरीही भरडच आलं तर पाळ उचलून दोन्ही तोंडांवरून हात फिरवा. गुळगुळीत लागलं तर टाकी हवी. पाटा-वरवंटा टाकवणारे क्वचित दारावर येतात, पूर्वीसारखे नाहीत. भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारा, त्यांना माहीत असतात. टाकी लावल्यावर पहिल्या दोन-तीन मुठी दळून फेकून द्यायच्या, त्यात दगडाची कच असते. पाळ डगडगत असेल तर मधली खीळ झिजली आहे. खुंटा हलत असेल तर चिंधी ठोकून बसवा. आणि एकदा खिळीवर चिंधीची चुंबळ आहे का तेही बघा. डाळ भरडताना पाळ उचलून धरायला ती घालतात आणि काढायची विसरतात. अशी राहून गेली असेल तर रव्याचं कारण तेच.

आवाजासाठी खाली जाड गोणपाटाची चौपदरी घडी घाला, त्यावर पीठ पडायला कापड. दुपारी दळा.

घणसोली सेक्टर
चुंबळ होती.

पोस्टमास्तर
ओव्या दुखाच्याच का असतात हे कुणी सांगेल का?

वहीवाली
नसतात हो. मुलाचं कौतुक, पंढरीची वाट, भावाचा थाट, सगळं असतं. मुलगा राघू, मुलगी मैना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून चुडा, कुंकू, हौशा. हे शब्द कळले नाहीत तर मुलाबद्दलची ओवी पक्ष्यावरची म्हणून वहीत जाते. सासरची तक्रार जात्यावर मोकळी निघते कारण पहाटे ऐकायला समोर एक बाई असते आणि दगडाची घरघर. बोलणं जात्याला किंवा सखीला उद्देशून असतं, त्यामुळे कुणी ऐकलंच तरी अंगावर येत नाही.

खानदेशी
आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाईंची "अरे घरोटा घरोटा" त्यावरचीच. पण बहिणाबाईंचं सगळंच ओवीत बसवून लोक म्हणतात, ते काही पटत नाही.

वहीवाली
मुद्रणाबद्दल राहिलं. आजीला खुर्चीत बसवून "म्हणा" म्हटलं की दोन ओव्यांत गाडी थांबते. जमिनीवर बसवा, समोर दुसरी बाई बसवा, मध्ये छोटं जातं ठेवा. नसेल तर जड उलटी परात तरी धरायला द्या. झेलणारी असली की पुढची ओवी येते. पंखा बंद. फोन जात्याजवळ जमिनीवर नको, घरघर त्यातच भरते. वेगळ्या पाटावर उशी ठेवून त्यावर ठेवा. सुरुवातीला गाणारीचं गाव, माहेर आणि सासर दोन्ही, बोलून घ्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावागावासह आहेत, त्यातली नोंद कशी केली आहे ते बघा. आणि नाव जाहीर करायचं की नाही हे गाणारीला विचारून. सुनेबद्दलच्या ओव्या असतात, आणि सून स्वयंपाकघरात असते.

सूपभर
गळ्याबद्दल एक. चालीला बायका गळा म्हणतात आणि एका बाईचा गळा सहसा एकच असतो, शेकडो ओव्या त्याच चालीत. म्हणून कार्यक्रमात सहा जणींना एका सुरात बसवू नका. एकीचा गळा धरा, बाकीच्यांनी झेला. एक तुकडा म्हणजे एक फेरा, असं धरून शिकवते.

करावे गाव
एक तुकडा एक फेरा हे घाटावरच्या मोठ्या जात्याला असेल. आमच्याकडच्या लहान जात्यावर तांदूळ दळताना एका तुकड्यात दोन फेरे सहज होतात.

दगडधोंडे
पाळ किती रुंद, त्यावर आहे ते. मोठ्या जात्याला दोघी लागतात, लहान एकटीनेही फिरतं.

सूपभर
मग एकटी दळते तेव्हा झेलतं कोण? ती स्वतःच ओळ दुसऱ्यांदा म्हणते हे ऐकलंय, पण सगळीकडे तसंच आहे का? करावे गाव, तुमच्याकडच्या आज्यांना विचारून लिहा. दोनदा म्हणत असतील तर वैरण कोणत्या ओळीवर घालतात तेही.