बदल कुलपाचा होता
"निन्टेन्डोचे गेम चांगले होते, म्हणून अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार सावरला," असं म्हणतात.

गेम चांगले होतेच, पण माझ्या मते मोठा बदल कुलपाचा होता. अटारी २६०० या गेमच्या यंत्रासाठी कुणीही कार्ट्रिज, म्हणजे गेमची डबी, बनवू शकत असे. यंत्रात ते अडवायची सोयच नव्हती, आणि १९८२-८३ मध्ये अमेरिकेतली दुकानं अशा मालाने तुंबली आणि बाजार कोसळला. निन्टेन्डोच्या १९८३ च्या जपानी यंत्राला, फॅमिकॉमलाही, कुलूप नव्हतं. त्याच्या १९८५ च्या अमेरिकी आवृत्तीत, एनईएसमध्ये, मात्र एक चिप यंत्रात आणि तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये बसवली. दोघींचे संकेत जुळले नाहीत, की यंत्र पुन्हापुन्हा रीसेट होई. (पिना मळल्या तरी तेच: लाल दिवा लुकलुकायचा आणि अस्सल कार्ट्रिजही अडायचं.) चिप हवी तर परवाना घ्यायचा, वर्षाला पाचच गेम काढायचे आणि कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायचं.