पेपर एडिट: कागदावरचे तीन आठवडे वाया गेले का?

माळरान: १९७२ च्या दुष्काळावर माहितीपट करतोय. सोळा मुलाखती, एकवीस तासांचं फुटेज. सगळं उतरवून घेतलं, तीन आठवडे बसून पेपर एडिट केला, म्हणजे उताऱ्यांतले तुकडे निवडून फिल्मची मांडणी कागदावरच लावली, आणि एडिटरने पहिल्याच दिवशी निम्मा बाजूला काढला. म्हणे, "हे जुळत नाही." पेपर एडिट ही टेपच्या काळातली सवय आहे. आता सरळ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर ऐकत कापावं. नव्या पोरांना उगाच कागदाला जुंपू नका.

रानजाई: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. एकवीस तास ऐकत कापायला बसलात की सहाव्या मुलाखतीपर्यंत पहिलीतलं निम्मं विसरलेलं असतं, आणि जे शेवटी ऐकलं तेच फिल्ममध्ये घुसतं. निवडलेल्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या करून टेबलावर मांडल्या की सोळाही माणसं एकदम समोर येतात. मिलोच्या, म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर नऊजण बोललेत आणि मजुरी वेळेवर मिळायची का यावर एकच, हे तेव्हाच दिसतं. टाइमलाइनवर ते दिसत नाही.

तुमचं निम्मं पडलं, कारण तुम्ही कागद नुसता वाचलात. माझ्या एका फिल्ममध्ये बहात्तर साली खडी फोडलेल्या आजी होत्या. त्यांची तीन वाक्यं मी कागदावर जोडली. "आमी खडी फोडाया जायचो" हे चौदाव्या मिनिटातलं. "लेकरू बाभळीला झोळीत टांगलेलं असायचं" आणि "रडलं तरी उठता यायचं न्हाई" ही दोन्ही एकेचाळिसाव्या मिनिटातली. वाचताना डोळे भरून आले. लावून बघितलं तर "जायचो"वर आवाज वर चढलेला, कारण आजी पुढे मुकादमाबद्दल बोलणार होत्या. तिथे कापलं की माणसाचं तोंड दाबल्यासारखं वाटतं. त्यात मधे वीज गेली होती, त्यामुळे पहिल्या वाक्यामागे पंख्याची घरघर आणि दुसऱ्यामागे शुकशुकाट. आणि शेवटच्या दोन वाक्यांमधे अकरा सेकंद आजी गप्प बसून अंगठ्याने तळहातावरचा घट्टा चोळत होत्या. कागदावर त्या जागी फक्त एक पूर्णविराम होता.

शेवटी पहिलं वाक्य काढलं आणि ते अकरा सेकंद पूर्ण ठेवले. तेव्हापासून निवडलेला प्रत्येक तुकडा हेडफोन लावून ऐकते आणि चिठ्ठीवर बाण काढते. आवाज उतरला तर खाली, चढला तर वर. वरच्या बाणाच्या चिठ्ठीवर कुणाचं बोलणं संपवायचं नाही. एकवीस तासांतून पहिल्या चाळणीत जेमतेम तीन तास उरतात, ते ऐकायला एक दिवस पुरतो. मांडणी त्यानंतर. तुम्ही मांडणी आधी केलीत.

कटपीस: अठरा वर्षं एडिट करतोय. कागदाला आवाज नसतो, हे ताईंनीच कबूल केलं. मग कागद हवाच कशाला? आमच्याकडे दिग्दर्शक चाळीस पानांचं बाड घेऊन येतो आणि पाठीमागे बसून ओळी वाचतो. फुटेज त्याने शूटिंगनंतर पाहिलेलंच नसतं. उताऱ्यात वेळ लिहिलेली असते 00:14:20, माझ्या स्क्रीनवर तोच तुकडा 03:27:51:10 ला असतो. एकेक वाक्य शोधण्यात दिवस जातो. फुटेज द्या आणि घरी जा.

रानजाई: टाइमकोडचा घोळ कागदाने केलेला नाही. उतारा करणाऱ्याला तुम्ही वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज पाठवलात, तो शून्यापासून सुरू होणारच. कॅमेऱ्याचा टाइमकोड चित्रावर छापलेली हलकी कॉपी पाठवा आणि प्रत्येक प्रश्नाशी तो लिहायला सांगा. आणि "घरी जा" कुणाला म्हणता? त्या गावांत दोन वर्षं फिरलेल्या माणसाला?

शब्दवेचा: उताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. हे काम मी करते, पैसे मिनिटावर मिळतात. मागच्या वेळी सांगितलं, "लई"चं "खूप" करा, "व्हतं"चं "होतं" करा, अडखळणं गाळा. मी केलं. एक बाबा म्हणाले होते, "आमी उपाशी नव्हतो म्हना, पर…" आणि थांबले. कागदावर गेलं, "आम्ही उपाशी नव्हतो." दिग्दर्शकाने ते "सरकारी कामांनी तारलं" या रांगेत लावलं. बाबांना त्याच्या उलट सांगायचं होतं.

कटपीस: फिल्ममध्ये आवाज मूळचाच असतो ना? मग कागदावर "होतं" असलं काय नि "व्हतं" असलं काय!

शब्दवेचा: फिल्ममध्ये काय जायचं हे त्याच कागदावर ठरतं, दादा! "म्हना, पर" गाळलं की तो तुकडा भलत्याच रांगेत पडतो आणि नंतर कुणी ऐकायला जात नाही. वर आम्हालाच ऐकवतात की उतारा चुकला. बोली "सुधारा" म्हणणारे तुम्ही, आणि प्रेक्षकांसमोर मातीतली भाषा म्हणून मिरवणारेही तुम्हीच.

माळरान: माझ्याही उताऱ्यांत सगळे जण पाठ्यपुस्तकासारखे बोलतात. वाचायला सोपं जावं म्हणून मीच तसं सांगितलं होतं.

शब्दवेचा: मग तीन आठवडे तुम्ही त्या माणसांचं बोलणं वाचलंच नाहीत.

पारावरचा: एवढं तापायचं कारण कळलं नाही. दिवाळी अंकासाठी मी अनेक मुलाखती संपादित केल्यात. उत्तरं मागेपुढे करतो, दोन उत्तरांचं एक करतो, भाषा नीटनेटकी करतो. आजवर कुणाची तक्रार नाही.

रानजाई: तुम्ही छापलेल्या मुलाखतीबद्दल बोलताय. तिथे माणूस छापण्याआधी मजकूर वाचू शकतो. इथे त्याचा स्वतःचा चेहरा आणि स्वतःचा आवाज ते वाक्य बोलताना दिसतो. "पैसे मिळाले" हे गाय विकल्याचं उत्तर रोजगाराच्या प्रश्नामागे लावलं तर सगळा गाव म्हणणार, हा खोटं बोलला.

कटपीस: या बाबतीत ताईंशी सहमत आहे, आणि ते लिहिणं मला सोपं नाही. एकदा दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून मी एका म्हाताऱ्याची दोन अर्धी वाक्यं जोडली. सांधा झाकायला मधे हातांचा शॉट टाकला. गावातल्या खेळाला तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी असं बोललो न्हाई." मी मागच्या रांगेत होतो. त्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या वर मूळ प्रश्न लिहिल्याशिवाय मी कागद हातात घेत नाही. दोन तुकडे जोडलेले असतील तर मधे काय गाळलं, तेही लिहून हवं.

माळरान: म्हणजे तुम्हालाही कागद लागतोच!

कटपीस: लागतो. चाळीस पानांचा नाही. तुकड्याचे पहिले चार शब्द, शेवटचे चार शब्द, टाइमकोड, प्रश्न आणि ताईंचा तो बाण. एवढं असेल तर मी पाठीमागे बसलेला दिग्दर्शकही सहन करीन.

माळरान: काल दिवसभर बसून निवडलेले चौऱ्याण्णव तुकडे ऐकले. सदतीसवर वरचा बाण आला. एडिटरने काढलेल्यांपैकी बरेचसे त्यातच निघाले. ठीक आहे, कागदाला बोल लावला ते मागे घेतो. पण एक सांगा. माझ्याकडे एक आजोबा आहेत. पाऊण तासाच्या मुलाखतीचा उतारा अडीच पानांचा. मिलोबद्दल विचारलं तर नुसतं "लाल असायची" म्हणाले आणि बराच वेळ दाराबाहेर बघत राहिले. कागदावर त्यांचा एकही तुकडा मी निवडला नव्हता. काल चुकून ऐकलं म्हणून सापडले. कमी बोलणारी माणसं तुमच्या चिठ्ठ्यांत येणार कशी?

शब्दवेचा: शांतता किती सेकंदांची ते उताऱ्यात लिहायला सांगा. मी लिहीन, पण तेवढा वेळ धरून पैसे द्या.

रानजाई: सेकंद लिहिले तर शांतता होती एवढं कळेल. ते दाराबाहेर कसे बघत होते, ते कळणार नाही. अशी दोन माणसं माझ्याही हातून सुटली आहेत आणि ती फिल्म पूर्ण झाल्यावर लक्षात आलं. त्या आजोबांची पाऊण तासाची मुलाखत पुन्हा पूर्ण बघा, उतारा मिटून.