मदत हवी आहे: मासिक प्रगती अहवालात फक्त ५.४ टक्के मागे, पण साइट म्हणते काम पावसाळ्याआधी होत नाही. अहवालात हे दाखवायचं कसं?

जलरेषा

नमस्कार मंडळी. ग्रामीण नळपाणी योजनेचा मासिक अहवाल मी सल्लागाराच्या बाजूने तयार करते. काम पूर्ण करायची तारीख ३० जून. जानेवारीअखेरचे आकडे खाली देते. भारांक कंत्राटाच्या किमतीवरून धरलेत.

| घटक | भारांक | नियोजित % | प्रत्यक्ष % |
|---|---|---|---|
| पाइप पुरवठा | ४० | ८० | ९५ |
| पाइप टाकणे व जोडणी (२४ किमी) | १५ | ६० | ४० |
| उंच टाकी | १५ | ७० | ५० |
| जॅकवेल | १० | ६० | २० |
| जलशुद्धीकरण केंद्र | १२ | ५० | ४५ |
| पंप व वीजकाम | ८ | १० | ० |

एक्सेलमध्ये हे सूत्र वापरते:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
=SUMPRODUCT(B2:B7,D2:D7)/SUM(B2:B7)
```

नियोजित ६४.३, प्रत्यक्ष ५८.९. म्हणजे ५.४ टक्के मागे. कार्यकारी अभियंता साहेब हा आकडा बघून म्हणतात, "ठीक आहे, भरून निघेल." साइट इंजिनिअर म्हणतो, पावसाळ्याआधी पाणी चढत नाही. मला साइटचं खरं वाटतं, पण अहवालातून ते दिसत नाही. जोखमीच्या तक्त्यात १४ ओळी आहेत आणि गेले पाच महिने त्या तशाच चालू आहेत: पाऊस, मजूर टंचाई, दरवाढ वगैरे. नेमकं काय बदलू?

गणपुले_४२

सोपं आहे. एसपीआय काढा. ५८.९ भागिले ६४.३, म्हणजे ०.९२. उरलेत पाच महिने, १५० दिवस. १५० ला ०.९२ ने भागलं की १६३. म्हणजे साधारण १३ दिवस उशीर. हाच आकडा पहिल्या पानावर टाका, साहेबांना दिवसांत कळेल.

मोजपट्टी

गणपुले, दिवसांत सांगायचं हे अगदी बरोबर. पण हा १३ चा आकडा फसवा आहे, कारण त्यातला ४० टक्के भार पाइप पुरवठ्याचा आहे आणि तो नियोजनाच्या पुढे आहे. यार्डात रचलेल्या पाइपमधून कुणाच्या घरी पाणी जात नाही.

जलरेषा ताई, सूत्रात पुरवठ्याची ओळ वगळून बघा:

```
=SUMPRODUCT(B3:B7,C3:C7)/SUM(B3:B7)
=SUMPRODUCT(B3:B7,D3:D7)/SUM(B3:B7)
```

नियोजित ५३.८ आणि प्रत्यक्ष ३४.८ येईल. म्हणजे जागेवरचं काम १९ टक्के मागे आहे. पुरवठ्याने ६ गुण जास्त मिळवले आणि बाकी घटकांनी मिळून ११.४ गमावले. ती बेरीज-वजाबाकी होऊन ५.४ राहिले. साहेबांना दिसतं ते एवढंच.

आता पुरवठा ९५ टक्के आहे, तरी पाइप टाकण्याचं काम का अडतं, ते आधी बघा. साधारणपणे मोठ्या व्यासाचे, महागडे पाइप आधी येतात, कारण त्यांचं बिल मोठं निघतं. गावातल्या वितरणाचे बारीक पाइप, बेंड, टी, स्लुइस व्हॉल्व्ह किमतीत किरकोळ, म्हणून मागे राहतात. चर खणून तयार असतो आणि एक बेंड नाही म्हणून गँग बसून राहते. व्यासानुसार लांबी आणि फिटिंगचे नग असा एक छोटा तक्ता काढलात, तर ५ टक्के "बाकी" म्हणजे नेमकं काय बाकी ते कळेल.

जलरेषा

काढला. खरंच, ११० मिमी आणि ९० मिमी पाइप मागणीच्या अर्धेच आलेत, व्हॉल्व्ह एकही नाही. पण भारांक मी बदलू शकत नाही. पोर्टलवर आर्थिक प्रगतीच भरावी लागते आणि ती कंत्राटाशी जुळायला हवी.

मोजपट्टी

बदलू नका. मूळ नियोजन आणि भारांक अधेमध्ये बदलले तर मागच्या महिन्याशी तुलनाच उरत नाही. आर्थिक ५.४ जसाच्या तसा ठेवा, शेजारी "जागेवरचं काम" म्हणून दुसरा रकाना द्या. मुदतवाढ मंजूर झाली तरी मूळ रेघ पुसू नका, नवी रेघ वेगळ्या रंगात काढा. नाहीतर मुदतवाढ मिळताच तफावत शून्य दिसते आणि अडचण कागदावरून गायब होते.

पण टक्क्यांवरून तारीख काढू नका. १९ टक्क्यांवरूनही नको. तारीख वेगावरून निघते. पाइपलाइन मागच्या तीन महिन्यांत किती किमी झाली?

जलरेषा

नोव्हेंबर २.१, डिसेंबर १.८, जानेवारी १.५. एकूण ९.६ किमी झाली.

मोजपट्टी

बाकी १४.४ किमी. मेअखेर संपवायची तर चार महिन्यांत दरमहा ३.६ किमी हवी. सरासरी आहे १.८ आणि तीही उतरती. याच वेगाने आठ महिने लागतील. काळ्या मातीत जूननंतर चर टिकत नाही, बाजू ढासळतात आणि पाणी भरतं. "हवा तो वेग ३.६, आहे तो १.८" हे एक वाक्य एस-कर्व्हच्या अख्ख्या पानापेक्षा जास्त सांगतं.

आणखी एक गोष्ट. त्या ९.६ किमीपैकी किती लांबीची दाबचाचणी झाली?

जलरेषा

एकाही टप्प्याची नाही.

मोजपट्टी

मग तो ४० टक्क्यांचा आकडाही पूर्ण खरा नाही. चर बुजवून वर रस्ता दुरुस्त केला आणि नंतर जोडातून गळती निघाली, तर पुन्हा खणावं लागतं. मी मोजताना पाइप टाकून जोडल्यावर ८० टक्के धरतो, उरलेले २० चाचणीनंतरच. तुमच्या कंत्राटात हप्ते वेगळे असतील तर तसे धरा. पण "टाकलेली ९.६ किमी, तपासलेली ०" हे मात्र लिहाच.

सोसायटी_सचिव

माफ करा, मध्येच बोलतो. आमच्या पुनर्विकासात बिल्डर दर महिन्याला "७२ टक्के पूर्ण" असा कागद देतो. तोही असाच माल धरून काढत असेल का? लिफ्टचे सुटे भाग तळघरात येऊन पडलेत.

मोजपट्टी

शक्य आहे. त्याच्याकडून टक्के मागूच नका. किती स्लॅब पडले, किती मजल्यांचं प्लास्टर झालं, किती फ्लॅटच्या प्लंबिंगची चाचणी झाली, असे नग मागा. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा.

नदीकाठ

सगळे पाइपलाइनवर बोलताय, पण माझं लक्ष जॅकवेलवर गेलं. ६० च्या जागी २०. नदीकाठचा आहे का? खोदाई किती झाली?

जलरेषा

हो, नदीकाठचाच. ९ मीटरपैकी ३ मीटर झाली, आता कठीण खडक लागलाय. एका ब्रेकरने एक मीटरला साधारण १२ दिवस जातात. तळाचा राफ्ट १० दिवस. मग पूररेषेच्या वर येईपर्यंत १३ मीटर भिंत, दीड मीटरचा एक थर म्हणजे एक लिफ्ट, दर लिफ्टला ६ दिवस.

नदीकाठ

आता १ फेब्रुवारीपासून मोजा. ६ मीटर खडकाला ७२ दिवस, म्हणजे १३ एप्रिल. राफ्ट २३ एप्रिल. नऊ लिफ्टना ५४ दिवस, म्हणजे १६ जून. तोवर पाऊस लागलेला असतो. नदीला पाणी आलं की अर्धवट विहीर गाळाने भरते, शटरिंग वाहून जातं, आणि पुन्हा खाली उतरायला डिसेंबर उजाडतो.

म्हणून इथे सहा-आठ दिवस चुकले तर सहा महिने जातात. टक्केवारीत ही गोष्ट कधीच दिसणार नाही, कारण जॅकवेलचा भारांकच मुळात १० आहे. पंप आणि वीजकाम त्याच्यावर अवलंबून, आणि योजना सुरू होणं त्या दोघांवर.

मागून मोजत या. पाऊस १० जूनला लागेल असं समजा, पण मोजताना ३१ मे धरा, दहा दिवस हाताशी राहतील. त्यातून भिंत आणि राफ्टचे ६४ दिवस वजा केले की खोदाई २८ मार्चला संपायला हवी. म्हणजे मीटरला १२ नाही, ९ दिवस. २८ फेब्रुवारीला खोली ६ मीटर असायला हवी. ही तुमची इशाऱ्याची तारीख.

गणपुले_४२

हे पटलं. माझ्या १३ दिवसांत हे कुठेच बसत नव्हतं. पण जोखमीच्या तक्त्यात शक्यता गुणिले परिणाम असा गुण देतात ना? तो काढायचा नाही का?

नदीकाठ

नमुन्यात रकाना असेल तर भरा. पण तो आकडा बघून कुणी ब्रेकर पाठवत नाही. तारीख आणि नाव असेल तर पाठवतात. "पाऊस" ही ओळ काढून टाका, कारण पाऊस दरवर्षीच येतो. पावसाआधी नेमकं काय अपुरं राहील ते लिहा.

जलरेषा

महामार्ग ओलांडायची परवानगी अजून आलेली नाही, तीही जोखमीत आहे.

मोजपट्टी

ती डिसेंबरमध्ये यायची होती ना? मग ती जोखीम नाही, ती झालेली अडचण आहे. तिला वेगळ्या तक्त्यात टाका, फाइल कुणाच्या टेबलावर कधीपासून आहे त्यासकट. दोन्ही एकत्र ठेवलं की उद्याचं काम कालच्या रडगाण्यात बुडतं.

जलरेषा

आतापर्यंतचं वाचून पहिल्या पानासाठी हे लिहिलंय:

"जॅकवेल: कठीण खडकात एका ब्रेकरने मीटरला १२ दिवस लागत असल्याने, भिंत पूररेषेवर येण्याआधी नदीला पाणी येऊ शकते. तसे झाल्यास काम डिसेंबरपर्यंत थांबेल. २८ फेब्रुवारीला खोली ६ मीटर नसल्यास कंत्राटदाराने दुसरा ब्रेकर व राखीव उपसा पंप २ मार्चपर्यंत लावावा. पाठपुरावा: उपअभियंता."

नदीकाठ

चांगलं आहे. फक्त ब्रेकरसाठी २८ फेब्रुवारीपर्यंत थांबू नका. १५ फेब्रुवारीला साडेचार मीटर असायला हवं, तोही टप्पा टाका. तिथेच मागे पडलात तर ब्रेकर ठरवायला दोन आठवडे मिळतील. आणि विहिरीत दोन ब्रेकर खरंच एकत्र चालतील का, ते व्यास बघून साइटला विचारा. जागा नसेल तर दुसरी पाळी लावणं हाच मार्ग उरतो.

जलरेषा

व्यास ६ मीटर आहे. साइट म्हणते, दोन मशीन अडचणीच्या होतील. म्हणजे रात्रपाळी, पण गाव जवळ आहे आणि आवाजाची तक्रार येईल.

मोजपट्टी

मग रात्री फक्त उपसा आणि डबर उचलणं, ब्रेकर सकाळी सातपासून. मीटरला ९ दिवस त्यात बसतात का, ते आठवडाभर चालवून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. अहवाल जाण्याआधी चार दिवस तरी आहेत ना? तेवढ्यातल्या खोदाईची रोजची नोंद जोडा.

जलरेषा

पाच दिवस आहेत. आजपासून सकाळ-संध्याकाळ खोली मोजायला सांगते, रविवारी आकडे इथे टाकते.