मदत हवी आहे : नववीतील मुलीचा चेहरा जोडलेले अश्लील चित्र मुलांनी फिरवले, शाळेने काय करावे?

गोदाकाठ (धागाकर्ती)

मी परभणी जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. प्रजासत्ताक दिनाच्या लेझीमचे छायाचित्र शाळेने आपल्या फेसबुक पानावर टाकले होते. त्यातील एका मुलीचा चेहरा उचलून वर्गातील दोन मुलांनी एका मोफत ॲपच्या साहाय्याने तो नग्न देहावर जोडला आणि ते चित्र मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. मैत्रिणीने सांगितल्यावर मुलीला हे कळले. "कोणाला सांगितलेस तर गावाच्या गटावर टाकीन," असा निरोपही त्यांपैकी एकाने तिला पाठवला. तेव्हापासून ती शाळेत येत नाही.

मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले असून पाडव्याच्या आसपास परततील. ती आजीजवळ राहते आणि आजींचे म्हणणे एवढेच की, "लेकराला पोलिसात नका ओढू."

मुख्याध्यापकांनी खात्री करण्यासाठी ते चित्र स्वतःच्या फोनवर मागवून घेतले. संस्थेच्या सचिवांचे मत असे आहे की सर्वांचे फोन जमा करून चित्र पुसावे, दोन्ही मुलांना दाखला देऊन मोकळे करावे आणि प्रकरण गावात जाऊ देऊ नये. देह तिचा नाही, चित्र बनावट आहे, म्हणून हा गुन्हाच होत नाही, असेही शिक्षकखोलीत बोलले जात आहे. पालक गावात नसताना आणि आजी नको म्हणत असताना शाळेने स्वतःहून तक्रार द्यावी काय? चित्र पुसणे योग्य आहे काय?

निवृत्त मुख्याध्यापक, सेलू

ताई, अनेक वर्षे शाळा चालवली आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. परिपाठात किंवा वर्गात या विषयावर एक शब्दही काढू नका. नाव घेतले नाही तरी सगळ्या माना तिच्या रिकाम्या बाकाकडे वळतात. दोन्ही मुलांच्या पालकांना वेगवेगळे बोलवा, एकत्र बसवले की ते एकमेकांच्या मुलावर ढकलतात. "काही दिवस घरीच राहा" असे मुलीला कोणीही सांगू नये.

मात्र पोक्सो येथे लागणार नाही असे मला वाटते. देह तिचा नाही आणि कोणी तिला स्पर्शही केलेला नाही. फार तर ही बदनामी ठरेल. त्यामुळे फोन घेऊन चित्र पुसावे, लेखी माफी घ्यावी आणि दाखल्याचा निर्णय संस्थेवर सोडावा.

बालहक्क_लातूर

मी काही काळ बाल कल्याण समितीवर काम केले आहे. परिपाठाबद्दल आणि पालकांना वेगवेगळे बोलावण्याबद्दल सरांनी जे लिहिले ते अगदी खरे आहे, परंतु पोक्सोबद्दलचे त्यांचे मत २०१९ पूर्वीचे आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात जी व्याख्या आली, तिच्यात संगणकावर तयार केलेली आणि फेरफार करून बालकाची भासवलेली चित्रेही स्पष्टपणे धरली आहेत. निव्वळ नग्न देह दाखवणारे चित्र त्या व्याख्येतील 'लैंगिक कृती'त बसते की नाही, यावर वकील वाद घालू शकतील, पण तो वाद न्यायालयात व्हायचा आहे, मुख्याध्यापकांच्या दालनात नव्हे. शिवाय त्या मुलाने दिलेली धमकी वेगळी पाहावी लागेल. बालकाचे खरे किंवा बनावट चित्र प्रसारित करण्याची धमकी लैंगिक छळात मोडते असे कलम ११ मध्येच लिहिले आहे, आणि तेथे 'बनावट' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

तक्रार द्यावी काय, हा प्रश्न शाळेपुढे उरतच नाही. अशी गोष्ट ज्याला कळते त्याने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावी असे कलम १९ सांगते. ती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यासाठी पालकांची संमती लागत नाही. आईवडिलांना आजच फोन करून सांगा, ते त्यांना कळायलाच हवे, पण ते फडावरून परतेपर्यंत थांबण्याची मुभा कायदा देत नाही.

आजींची भीती मला समजते, म्हणून पुढे काय घडते ते त्यांना नेमके सांगा. मुलीला ठाण्यात बोलावले जात नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्या वेळी आईवडील किंवा मुलीचा ज्या व्यक्तीवर विश्वास आहे ती व्यक्ती जवळ असू शकते. ती व्यक्ती आजी असेल किंवा आपणही असाल. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते आणि समिती तिला सोबतीसाठी एक सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. ठाण्यात टाळाटाळ झाली तर १०९८ वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर महिला व बालकांच्या विभागात तक्रार नोंदवा.

आता मुख्याध्यापकांच्या फोनमधील प्रतीविषयी. मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते, कारण खात्री करण्यासाठी चित्र पाहण्याची गरजच नव्हती, मुलीचे आणि तिच्या मैत्रिणीचे सांगणे पुरेसे होते. ती प्रत त्यांनी कोणालाही, अगदी सचिवांनाही, पुढे पाठवू नये. पोलिसांना द्यायच्या लेखी माहितीत ती कधी आणि कोणाकडून आली हे लिहावे आणि पोलीस सांगतील तसे करावे.

उदगीरचा_वाचक

माझ्या भाच्याच्या बाबतीत असेच झाले. कर्जाच्या ॲपवाल्यांनी त्याचा चेहरा जोडून घाणेरडे फोटो नातेवाइकांना पाठवले. आम्ही १९३० वर फोन केला होता. ताईंनीही लगेच तोच क्रमांक फिरवावा आणि बँक खाते गोठवून घ्यावे.

बालहक्क_लातूर

आपल्या भाच्याच्या प्रकरणात ते योग्यच होते, पण १९३० हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. येथे पैशांचा संबंध नाही.

संगणक_शिक्षक

फोन जमा करून चित्र पुसण्याचा बेत तांत्रिक दृष्ट्याही फसवा आहे. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र बहुतेक फोनांत आपोआप गॅलरीत उतरते आणि बॅकअप चालू असेल तर तेथून गूगल फोटोजमध्येही जाते. त्यामुळे शिक्षकाने गटातून पुसले तरी ते मुलाच्या खात्यात शिल्लक राहू शकते. पुसले जाते ते नेमके उपयोगाचे असते, म्हणजे गटावर ते कोणी टाकले, किती वाजता टाकले आणि कोणी पुढे पाठवले.

माझ्या मते दोघा मुलांच्या पालकांना बोलावून त्यांच्यासमोर फोन बंद करावा, पाकिटात घालावा, पाकिटावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ते पोलिसांकडे सोपवावे. कोणत्याही शिक्षकाने फोनचे कुलूप उघडायला लावू नये आणि आत डोकावू नये. चित्राचा स्क्रीनशॉट घेणे म्हणजे आणखी एक प्रत तयार करणे. त्याऐवजी वहीत गटाचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, दिवस आणि वेळ लिहून ठेवावी. मुलीच्या फोनवरचा धमकीचा निरोप मात्र जपायलाच हवा. तो 'सर्वांसाठी पुसा' करून मागे घेता येतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट क्रमांक दिसेल अशा रीतीने आजच घेऊन ठेवावा.

अल्पवयीन मुलांसाठी takeitdown.ncmec.org नावाची एक सेवा आहे. ती चित्राचा डिजिटल ठसा फोनवरच तयार करते, चित्र बाहेर जात नाही, आणि इन्स्टाग्रामसारख्या मंचांना तो ठसा देते. व्हॉट्सॲपच्या बंद गटातले चित्र तिने निघत नाही. शिवाय ठसा तयार करायला मूळ चित्र हाती लागते, आणि केवळ त्यासाठी ते मुलीकडे पाठवणे मला मुळीच पटत नाही. चित्र इन्स्टाग्रामवर आले तर तेथेच तक्रार करावी. फेरफार केलेल्या अशा चित्राची व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने तक्रार आल्यावर २४ तासांत कारवाई करावी, असे बंधन २०२१ च्या नियमांनी मंचांवर घातले.

दोन_मुलांचा_बाप

सगळे मुलीचे बोलत आहेत आणि ते बरोबरच आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर गुन्हा दाखल झाला की त्यांचा जन्म गेला. गावात कोणी उभे करणार नाही, पुढे नोकरीच्या पडताळणीतही ते निघेल. चार थोबाडीत मारून प्रश्न सुटत असेल तर पोलीस कशाला?

बालहक्क_लातूर

थोबाडीत मारून प्रश्न सुटत नाही, शिक्षकांवर मात्र नवा प्रश्न ओढवतो. आपली भीती अवास्तव नाही, पण बाल न्याय कायद्याची वाट आपण समजता त्यापेक्षा वेगळी आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक किमान शिक्षा असलेला गुन्हा नसेल, तर अठरा वर्षांखालील मुलाविरुद्ध सहसा प्रथम माहिती अहवाल नोंदवला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, मुलाच्या घरची पार्श्वभूमी सांगणारा अहवाल तयार होतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याचे नाव छापता येत नाही आणि पुढे ते निकालपत्र त्याला अपात्र ठरवण्यासाठी वापरता येत नाही. याला एक अपवाद आहे. त्याच कृत्यात एखादी प्रौढ व्यक्ती सामील असल्याचे दिसले, तर प्रथम माहिती अहवाल नोंदवला जातो.

दाखला देऊन मोकळे होण्याने मुले शेजारच्या शाळेत जातील, फोन त्यांच्यासोबत जाईल आणि मंडळाला शाळेकडून जी माहिती हवी असते ती देणारे कोणी उरणार नाही. माझ्या हातात असते तर दाखल्याचा विचार बाजूला ठेवला असता.

गोदाकाठ (धागाकर्ती)

सर्वांची आभारी आहे. काल मुख्याध्यापकांच्या सहीने ठाण्यात लेखी माहिती दिली आणि नोंदीचा क्रमांक घेतला. त्यांच्या फोनमधील प्रतीचा उल्लेखही त्यांनी स्वतःच केला. फौजदार मॅडम साध्या साडीत आजींच्या घरी आल्या. मी शेजारी बसले होते. आईशी फोनवर बोलणे झाले. ती एकटीच दोन दिवसांत येणार आहे, कारण उचल घेतलेली असल्याने मुकादम दोघांनाही सोडायला तयार नाही. लेझीमची छायाचित्रे शाळेच्या पानावरून उतरवली आहेत.

एक गोष्ट मात्र आम्हाला ठाऊक नव्हती. जबाबातून असे दिसते की ते ॲप मुलाच्या एकोणीस वर्षांच्या चुलत भावाच्या फोनवर होते आणि चित्र त्यानेच तयार करून दिले. आम्ही शाळेतच माफीनामे लिहून घेतले असते तर हा भाऊ कोणालाच कळला नसता.

आता अडचण वर्गाची आहे. आमच्याकडे नववीची एकच तुकडी आहे. मुलगी सोमवारी यायला तयार आहे, पण ती दोन मुले वर्गात असतील तर नाही, असे तिने सांगितले आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, सेलू

पोक्सोबद्दल माझी माहिती जुनी होती, ते वाचले. तुकडी एकच असेल तर बाल न्याय मंडळाचा निर्णय होईपर्यंत त्या मुलांना ग्रंथालयात बसवून स्वतंत्र शिकवावे. वर्ग बदलण्याची पाळी मुलीवर येऊ नये.

बालहक्क_लातूर

दिशा पटते, पण ग्रंथालयात बसवलेली मुले साऱ्या शाळेला दिसतात, त्यांची ओळख उघड होते आणि तिच्यासोबत मुलीचीही. त्यांना काही काळ घरी अभ्यास देऊन केवळ परीक्षेला बोलवावे, असे मी सुचवेन. मात्र हे शाळेने एकटीने ठरवू नये. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीची बैठक घेऊन मुलीचे मत लेखी नोंदवा आणि बाल कल्याण समितीकडून सोमवारच्या आत सूचना मागवा.

संगणक_शिक्षक

आणि त्या गटातील बाकीच्या मुलांचे काय? ज्यांनी चित्र पाहिले, पुढे पाठवले नाही, पण सांगितलेही नाही, त्यांच्याशी कोण आणि काय बोलणार? ती सगळी सोमवारी तिच्याच वर्गात बसणार आहेत.

गोदाकाठ (धागाकर्ती)

याचे उत्तर आमच्या शाळेत अजून कोणाकडेच नाही. कोणी हे हाताळले असेल तर कृपया येथे लिहावे.