कपाच्या काठावरचा पातळीदर्शक

"आमच्या मोठ्या आईला आता दिसत नाही, पण चहा तीच करते, तिला कामाची कोणती वस्तू द्यावी?"

कपाच्या काठाला अडकवायचा पातळीदर्शक द्यावा. कपाच्या आत लोंबणाऱ्या त्याच्या धातूच्या टोकांना चहा टेकला की विजेचा मार्ग पूर्ण होऊन तो वाजतो, त्यामुळे गरम चहात बोट बुडवून अंदाज घ्यावा लागत नाही. यवतमाळजवळच्या आमच्या गावी काकूंना तो दिला, तेव्हा स्टीलच्या पेल्यात तो रिकामाच वाजू लागला, कारण दोन्ही टोके पेल्याच्या भिंतीला टेकत होती. चिनी मातीच्या कपात मात्र नीट चालला. तेलातून वीज वाहत नसल्यामुळे जवसाचे तेल ओतताना तो गप्पच राहतो, हे मोठ्या आईंना आधीच सांगावे. सेल बदलणेही त्यांच्याच हातून करवून घ्यावे.