सोडलेलं वाक्य की तुटलेलं?

पेठकरीण: जुन्नरच्या काकांचा काल एसएमएस आला. जसाच्या तसा देते: ‘मामांचं बोलणं झालं तिकडे. त्यांचं म्हणणं तू यावंस, पण...’ काकांनी मुद्दाम इथे थांबवलंय की मेसेज अर्धाच पोचलाय, हे कसं ओळखायचं? आणि या दोन्हींना मराठीत वेगळे शब्द आहेत का? मी ‘मेसेज अर्धवट आलाय’ म्हटलं, तर आई म्हणाली, परत पाठवायला सांग. मला तसं म्हणायचं नव्हतं.

कोथरूडचा मी: त्या टिंबांना अपूर्णविराम म्हणतात. आणि टिंबं आहेत म्हणजे ती माणसानेच दिलेली. यात शंकेला जागा नाही.

मुद्रितशोधक: अपूर्णविराम म्हणजे एकाखाली एक दोन टिंबं, यादीच्या आधी येतात ती. या तिघांना लोपचिन्ह म्हणतात. तुमचा दुसरा मुद्दा मात्र बराचसा पटतो. मेसेज वाटेत तुटला तर टिंबं द्यायला तिथे कोणी नसतं. पण फोनच्या वरच्या पट्टीत जागा पुरली नाही की फोन स्वतःच टिंबं लावतो. म्हणून मेसेज उघडून पाहावा. उघडल्यावर टिंबांच्या जागी पुढचे शब्द आले तर ती फोनची होती. पेठकरीणताई, तुम्ही उघडून पाहिलाय ना?

पेठकरीण: हो, उघडूनही तसाच आहे.

हडपसर: आमच्या सोसायटीचं असंच झालं, मला तर त्या माणसाचा रागच आला होता. मेसेज होता: ‘उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी नऊ ते दुपारी दोन पाणी येणार नाही. सायं’. आम्ही समजलो ‘सायं’ म्हणजे सायंकाळी, म्हणजे सायंकाळीही पाणी नाही. सगळ्यांनी बादल्या, पिंपं भरून ठेवली. संध्याकाळी पाणी व्यवस्थित आलं.

एसएमएसचं काम करणारा: हडपसर, तुमचा मेसेज तुटलेलाच आहे. मी अक्षरं मोजली, बरोबर 70 भरली. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, म्हणून 70. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजायचं. ‘उद्या’ दिसायला दोन अक्षरं, पण मोजणीत पाच. तुमचा शब्द ‘सायंकाळी’ असणार आणि 70 वर तो कापला गेला. त्यात लिहिणाऱ्या माणसाचा दोष नाही. बहुधा पाठवणाऱ्या यंत्रणेने पहिला तुकडा ठेवून बाकीचा टाकला. लांब मेसेजचे तुकडे करून पाठवले तर जोडणीच्या माहितीला सहा बाइट जातात आणि दर तुकड्यात 67 उरतात. मजकूर नेमका 67 वर थांबला असेल तर पुढचा तुकडा यायचा राहिला, असा संशय घ्यावा.

काकांचा मेसेज टिंबं धरून 56 भरतो. जागा शिल्लक होती, शब्द पूर्ण आहे, टिंबं उघडल्यावरही आहेत. मुद्दाम सोडलेलं वाक्य, असं मी म्हणेन.

कोथरूडचा मी: आणि टिंबं एकेक करून खोडली गेली तर माणसाची, तिन्ही एकदम गेली तर मशीनची?

एसएमएसचं काम करणारा: एकेक गेली तर माणसाची असण्याचा संभव जास्त. एकदम गेली तर काहीच सिद्ध होत नाही. तिन्ही टिंबांचं मिळून एक चिन्ह कीबोर्डवरही असतं, माणूस तेच दाबू शकतो.

मोडी वाचणारी: शिवकालीन पत्रांना हा प्रश्न कमी पडतो. शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असते. मजकूर तिथे संपला, पुढे कोणी भर घालू नये, हा तिचा अर्थ. मुद्रा दिसली की पत्राचा शेवट हाती आहे. कागद फाटला असेल आणि मुद्राही नसेल, तर आम्ही ‘त्रुटित’ म्हणतो. तुटलेल्या मेसेजला हाच शब्द द्यावा.

मुद्रितशोधक: त्रुटित चांगला आहे, पण घरात कोणी म्हणणार नाही. मराठीत क्रियापदातच भेद आहे. वाक्य तुटलं, वाक्य सोडलं. तुटण्यात कोणाचा हात नसतो, सोडणारा मात्र असतो. ‘अर्धवट’ दोन्हीकडे चालतो, म्हणून तुमचा घोटाळा झाला.

मोडी वाचणारी: मग सोडलेल्याला ‘अध्याहृत’ का नको?

मुद्रितशोधक: अध्याहृत शब्द वाचणाऱ्याला ठरवता येतो. ‘तू कुठे?’ यात ‘आहेस’ अध्याहृत. काकांच्या ‘पण’पुढे काय येतं, हे आपल्यापैकी कोणाला ठरवता येईल? मी त्याला ‘मोघम सोडलं’ म्हणेन.

मोडी वाचणारी: आपल्याला नाही येत. पण ताईंना घरचं सगळं माहीत आहे. त्यांच्यापुरतं ते अध्याहृतच असेल की.

पेठकरीण: काकांना आत्ता फोन केला. मेसेज पूर्ण आहे, म्हणाले. ‘पण’पुढे काय, असं विचारलं तर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार.’