मदत हवी आहे: वांगासाठी दोनपैकी कुठलं सिरम?

गालांवर वांग आहे, त्यात नागपूरचं ऊन. बर्डीवर दोन सिरम पाहिले. एकावर अल्फा आर्ब्युटिन २%, ट्रानेक्झॅमिक ॲसिड ३% स्पष्ट छापलंय. दुसऱ्यावर समोर ठळक 'कोजिक', टक्का कुठेच नाही. मागच्या यादीत ते फिनॉक्सिइथेनॉलच्या खाली. हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण १% पर्यंतच घालतात, म्हणजे कोजिक त्याहून जास्त नसावं, बरोबर ना?

आर्ब्युटिन आणि कोजिक दोन्ही रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज रोखतात. ट्रानेक्झॅमिक त्याआधीचा, उन्हाने चेतवलेला इशारा मंदावतं. म्हणून वांगाला पहिलं बरं वाटतंय. शिवाय कोजिक हवा-उजेडाने तपकिरी पडतं, आणि ती बाटली पारदर्शक!

वांगावर ट्रानेक्झॅमिक लावलेल्या कुणी आहात का? सनस्क्रीन रोज लावते. किती महिन्यांनी फरक दिसला?